गोळीच्या आधी रक्त



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते कंपाउंडरकाका दवाखान्याच्या लाकडी खिडकीमागे चाळीस वर्षं उभे होते. लहानपणी मी आईबरोबर औषध आणायला जायची. चिठ्ठी हातात घेतली की बाटलीला हात लावण्याआधी काका विचारायचे, "वहिनी, कालपर्यंत काय घेत होतात?" आई सांगेल ते केसपेपरच्या मागे निळ्या पेन्सिलीनं तारखेसकट लिहून ठेवायचे. पुढे मी पॅथॉलॉजिस्ट झाले. गेली अठ्ठावीस वर्षं मी लोकांचं रक्त तपासते आहे आणि त्या प्रश्नाची किंमत मला रोज कळते. आजचा विषय त्याच प्रश्नाच्या वाटेवरचा आहे. जीवनसत्त्वांच्या आणि खनिजांच्या गोळ्या सुरू करण्याआधी रक्ताच्या कोणत्या तपासण्या खरंच करण्यासारख्या आहेत, आणि हाती आलेला कागद वाचायचा कसा?

एका बाईंची हकिगत सांगते. त्यांची ओळख पटेल असं काही सांगणार नाही, पण आकडे सांगते. वय ४४, शाळेत शिक्षिका, शुद्ध शाकाहारी. सहा वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन चालू. तक्रार अशी की दुपारनंतर पाय ओढवत नाहीत, केस मूठमूठ गळतात, आणि फळ्यावर लिहिताना बोटांना मुंग्या येतात. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी संपूर्ण शरीर तपासणीचं पॅकेज केलं होतं. बारा पानांचा रिपोर्ट होता. जे आकडे मर्यादेबाहेर गेले ते ठळक छापलेले: हिमोग्लोबिन १०.६, ड जीवनसत्त्व १७, झिंक थोडं कमी, आणि आरडीडब्ल्यू नावाचा एक आकडा १९. हा शेवटचा आकडा काय असतो हे माहीत नसल्यामुळे तो कुणी वाचलाच नव्हता. फेरिटिन ४१, बी-१२ जीवनसत्त्व २३८, कॅल्शियम ९.२ हे आकडे साध्या अक्षरांत, म्हणजे ठीक. बाईंनी त्याप्रमाणे खरेदी केली. झिंकच्या गोळ्या, ड जीवनसत्त्वाची पाकिटं, शिवाय कॅल्शियम असू द्यावं म्हणून तेही. लोह आणि बी-१२ मात्र 'नॉर्मल' म्हणून सोडून दिलं.

त्यांना गरज नेमकी या दोन्हींची होती.

असं कसं झालं? ठळक छापायचं की साधं, हे मशीन ठरवतं, आणि मशीनला एकच गोष्ट माहीत असते: कागदाच्या उजव्या रकान्यात छापलेली मर्यादा. तो रकाना बऱ्याचदा निरोगी दिसणाऱ्या लोकांचं रक्त तपासून बनवलेला असतो. आता तुम्हीच विचार करा, ज्या समाजात पाळी चालू असलेल्या अनेक बायकांमध्ये लोह कमी आहे, तिथल्या निरोगी दिसणाऱ्या बायकांवरून फेरिटिनची मर्यादा बांधली, तर ती खालीच जाणार. म्हणून काही प्रयोगशाळांच्या कागदावर फेरिटिन १२ सुद्धा बिनबोभाट साध्या अक्षरांत येतं.

या बाईंचा आजार मला पहिल्यांदा काचपट्टीवर दिसला. रक्ताचा थेंब काचेवर ओढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तांबड्या पेशी पसरलेल्या दिसतात. एरवी त्या साधारण एका मापाच्या असतात. यांच्या पट्टीवर दोन जातीच्या पेशी शेजारीशेजारी होत्या. काही लहान, मध्ये फिकट, नुसती कड रंगलेल्या. लोह कमी पडलं की पेशी अशा होतात. काही मोठ्या, अंडाकृती, गच्च रंगाच्या. त्या बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी पडल्याच्या. पांढऱ्या पेशींमध्येही एकेकीच्या केंद्रकाचे सहा-सहा तुकडे झालेले. तिथे साधारणपणे तीन-चार असतात. हेही बी-१२ च्या बाजूला बोट दाखवणारं.

रिपोर्टमध्ये पेशींच्या सरासरी आकाराचा आकडा असतो, त्याला एमसीव्ही म्हणतात. तो ८० ते १०० च्या दरम्यान असावा. लोहाच्या कमतरतेत तो खाली जातो, बी-१२ च्या कमतरतेत वर. बाईंचा होता ८६. लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी काढली की ती मध्यावर येते, त्यामुळे दोन आजारांनी एकमेकांना झाकून टाकलं होतं. चुगली केली ती आरडीडब्ल्यूनं. पेशींच्या आकारात किती फरक आहे हे तो आकडा सांगतो, साधारण साडेचौदापर्यंत असतो, आणि इथे तो १९ होता. म्हणून माझा आग्रह असा की पहिली तपासणी नेहमी साधा हिमोग्राम, ज्याला आपण सीबीसी म्हणतो. त्यात हिमोग्लोबिनच्या खालचे दोन आकडे, एमसीव्ही आणि आरडीडब्ल्यू, जरूर वाचा. ही सगळ्यांत स्वस्त तपासण्यांपैकी एक आहे, आणि जीवनसत्त्वांच्या महागड्या पॅनेलपेक्षा पुष्कळदा जास्त बोलते.

आता फेरिटिन. लोह शरीरात साठवणारं हे प्रथिन. त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो, आणि त्यावरून कणगीत किती दाणा शिल्लक आहे ते समजतं. याउलट 'सीरम आयर्न' नावाची तपासणी फक्त त्या घटकेला वाटेवर असलेलं लोह मोजते. ते सकाळ-संध्याकाळ बदलतं, आदल्या रात्री गोळी घेतली असली तर उसळतं. एकट्या सीरम आयर्नवरून लोह सुरू करू नये, आणि बंदही करू नये. विचारायचं ते कणगीला.

पण फेरिटिनची एक खोड आहे. शरीरात कुठे जंतुसंसर्ग असो, सांध्यांना सूज असो, यकृताला त्रास असो, ते आपोआप वाढतं. मग रिकामी कणगी भरलेली भासते. त्यासाठी सोबत सीआरपी ही सूज मोजणारी तपासणी करावी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेली मर्यादा अशी आहे: निरोगी प्रौढ माणसात फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोह कमी; अंगात सूज किंवा संसर्ग असेल तर ७० च्या खालीच कमी समजा. दवाखान्यात आम्ही एरवीही ३० च्या खाली गेलं की लोह संपत आलंय असं धरतो, कारण १५ वर अडून बसलं तर पुष्कळ रुग्ण निसटतात.

बाईंचं सीआरपी मी त्याच नमुन्यात करून पाहिलं. जिथे पाचच्या आत हवं तिथे २४. खोदून विचारलं तेव्हा कळलं की आठवडाभर लघवीला जळजळ होती, अंगात कणकण होती. डॉक्टरांनी आधी त्याचा इलाज केला. तीन आठवड्यांनी पुन्हा फेरिटिन केलं. ते ११ आलं. ४१ चे ११ झाले ते तीन आठवड्यांत लोह संपलं म्हणून नव्हे. संपलेलं ते आधीच होतं, तापानं आकडा फुगवला होता. म्हणून सर्दी-तापात, दाढ सुजलेली असताना, ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत फेरिटिन तपासायला येऊ नका. आलातच तर सीआरपीशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

इथे जरा थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण याच ठिकाणी जीव जातात. फेरिटिन कमी आलं म्हणजे उत्तर मिळालं असं नाही, तिथून प्रश्न सुरू होतो: लोह गेलं कुठे? या बाईंची पाळी दीड वर्ष फार जात होती. उत्तर तिथे सापडलं. पण पुरुषात, किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर पोटात कुठेतरी रक्त झिरपत असण्याची शक्यता आधी तपासली पाहिजे. अल्सर असेल, मूळव्याध असेल, आतड्याची गाठही असेल. लोहाच्या गोळीनं हिमोग्लोबिन वाढतं, माणूस खूष होतो, आणि गाठ आत वाढत राहते. साठीच्या गृहस्थांनी दुकानातून परस्पर लोहाची गोळी आणून सुरू करू नये, हे मी हात जोडून सांगते.

दुसरी चूक याच्या उलट. एमसीव्ही ६५-७० इतका खाली, हिमोग्लोबिन ११ च्या आसपास, पण तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर, पन्नास लाखांच्या वर, आणि फेरिटिन चांगलं. हा लोहाचा अभाव नाही. बहुधा थॅलॅसेमियाचा वाहक असतो. सिंधी, लोहाणा समाजांत हे जास्त आढळतं, पण कुठल्याही घरात निघू शकतं. अशांना वर्षानुवर्षं लोह देत राहतात, पेशींचा आकार तसूभर बदलत नाही, आणि लोह नको तिथे साठत जातं. त्यांना हवी असते ती हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, आणि मुलांच्या लग्नाआधी योग्य सल्ला.

आता बी-१२ कडे येते, कारण आपल्याकडे हा प्रश्न घरोघरचा आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी निघालं. फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता जवळजवळ नव्हतीच. आपण भाजी-आमटी खातो, त्यातून फॉलेट मिळतं. बी-१२ मिळतं ते दूध-दही, अंडी, मांस-मासळी यांतून. कपभर चहातल्या दुधावर ते भागत नाही.

या दोन जीवनसत्त्वांची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतल्या गरीब गरोदर बायकांमध्ये एक भयंकर पांडुरोग दिसत होता, पेशी मोठमोठ्या होत होत्या. विल्सबाईंनी यीस्टचा अर्क देऊन तो बरा करून दाखवला. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. नंतर डॉक्टर तेच फॉलिक अ‍ॅसिड बी-१२ च्या अभावानं झालेल्या पांडुरोगातही देऊ लागले. रक्त सुधारलं, चेहऱ्यावर लाली आली, पण मज्जातंतूंची खराबी चालू राहिली, काहींची वाढली. आजही तसंच घडतं. फॉलिक अ‍ॅसिड असलेलं टॉनिक महिनोन् महिने घेणाऱ्याचा हिमोग्राम छान दिसतो आणि पायाच्या मुंग्या मात्र वर चढत जातात. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची मोठी मात्रा सुरू करण्याआधी बी-१२ पाहिलंच पाहिजे. गरोदरपणातल्या गोळ्या याला अपवाद आहेत. त्या वेळेवर सुरू करायच्याच, रिपोर्टसाठी थांबायचं नाही.

बी-१२ चा आकडा असा वाचा. २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता जवळजवळ नक्की. ३०० च्या वर असेल तर सहसा नाही. मधला पट्टा धूसर. आमच्या शिक्षिकेचा २३८ त्याच पट्ट्यात होता, पण कागदावर मर्यादा १८७ पासून सुरू होत होती, म्हणून तो 'नॉर्मल' ठरला. धूसर पट्ट्यात होमोसिस्टीन करावं. बी-१२ पेशींपर्यंत पोचत नसेल तर हा पदार्थ रक्तात साचतो. साधारण १५ पर्यंत हवा, त्यांचा ३८ होता. मात्र होमोसिस्टीनचा नमुना बर्फात ठेवून लवकर वेगळा करावा लागतो. घरून रक्त घेऊन बाटली पाच तास दुचाकीच्या डिकीत फिरली तर पेशींमधून होमोसिस्टीन गळत राहतं आणि आकडा खोटाच वाढतो. नमुना घेणाऱ्याला हे विचारायला लाजू नका. मूत्रपिंड अधू असेल, थायरॉइड मंद असेल, फॉलेट कमी असेल तरी तो वाढतो, हेही ध्यानात असावं.

आणि एक तपासणी अशी आहे जिला रक्त लागत नाही. १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा. रुग्णानं डोळे मिटून सांगायचं, गुणगुण जाणवते का आणि कधी थांबली. शिक्षिकेच्या डॉक्टरांनी तो टेकवला तेव्हा त्या म्हणाल्या, "गार लागतंय, बाकी काही नाही." तोच फोर्क मनगटावर ठेवला तर गुणगुण लगेच कळली. मधुमेहामुळेही असं होतं, त्यामुळे एवढ्यावरून निवाडा करता येत नाही. पण मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या मुंग्या मधुमेहाच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये, कारण हेच औषध बी-१२ चं शोषण कमी करतं. रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

ड जीवनसत्त्वाबद्दल थोडक्यात. तपासायचं ते '२५-हायड्रॉक्सी'. १,२५ नावाची दुसरी तपासणी याकरता करू नये. कमतरतेतही ती छान दिसू शकते. आकडा १२ च्या खाली असेल तर कमतरता खरी, २० च्या वर असेल तर बहुतेकांच्या हाडांना पुरेसं. ३० च्या खाली सगळ्यांनाच कमी म्हणण्याची जी रीत पडली, तिला ज्या अमेरिकन एंडोक्राइन सोसायटीच्या २०११ च्या शिफारशींमुळे बळ मिळालं, त्याच संस्थेनं २०२४ मध्ये ती मर्यादा मागे घेतली आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असं सांगितलं. हाडं दुखत असतील, जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर नसेल, हाड सहज मोडलं असेल, तर तपासा. परदेशातल्या मुलाच्या रिपोर्टशी आपला ताडून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना: इंग्लंड-ऑस्ट्रेलियात हा आकडा वेगळ्या एककात देतात. तिथला ५० म्हणजे आपला २०.

ड जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेण्याआधी मात्र कॅल्शियम आणि क्रिएटिनिन पाहावं. सत्तरीच्या एका आजोबांचा नमुना माझ्याकडे आला होता. तहान, बद्धकोष्ठ, आणि चार दिवसांपासून असंबद्ध बोलणं. कॅल्शियम १३.४, ड जीवनसत्त्व १५० च्या वर. ६०,००० युनिटांचं जे पाकीट आठवड्याला एक घ्यायचं होतं, ते त्यांनी दोन महिने रोज दुधात घातलं होतं. ते वाचले, पण दहा दिवस रुग्णालयात सलाइनवर होते.

रक्तातल्या कॅल्शियमचा उपयोग याचसाठी आहे. आहारात कॅल्शियम पुरेसं आहे का, हे त्यावरून कळत नाही. ते कमी पडलं तर शरीर हाडांतून काढून रक्तातला आकडा राखतं, म्हणून ठिसूळ हाडांच्या आजीचं कॅल्शियमही ९.२ येतं. मॅग्नेशियमचं तेच, शरीरातल्या साठ्याचा शंभरावा हिस्सासुद्धा रक्तात नसतो. झिंक जेवणानंतर उतरतं, तापात उतरतं. शिक्षिकेचं कमी आलेलं झिंक संसर्ग गेल्यावर कुठलीही गोळी न घेता मर्यादेत आलं. केसांच्या खनिज तपासणीवर तर पैसे घालूच नका.

आता काकांच्या प्रश्नाकडे येते: कालपर्यंत काय घेत होतात? बी-१२ चं इंजेक्शन घेतल्यावर रक्तातला आकडा काही महिने उंच राहतो आणि मूळ कमतरता खरी होती की नव्हती हे कळण्याची वाट बंद होते. केसांसाठी लोक बायोटिन घेतात, त्यात पाच-दहा मिलिग्रॅम असतात. दिवसाची गरज मायक्रोग्रॅममध्ये तीसच्या आसपास आहे. हे जादा बायोटिन अनेक मशीनांच्या रसायनातच ढवळाढवळ करतं. अशा मशीनवर फेरिटिन आणि टीएसएच खोटं कमी, तर बी-१२ आणि ड जीवनसत्त्व खोटं जास्त येऊ शकतं. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही खोटी कमी दाखवू शकते. बायोटिन किमान दोन-तीन दिवस आधी बंद करावं आणि घेत होतो हे सांगावं.

शिक्षिकेला डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं दिली, लोहाची गोळी एक दिवसाआड दिली. एक दिवसाआड अशासाठी, की एका गोळीनंतर सुमारे चोवीस तास आतडं पुढच्या लोहाला दार निम्मं लावून घेतं. चहा गोळीपासून दोन तास लांब ठेवायला सांगितला. पाळीचा इलाज स्त्रीरोगतज्ज्ञांनी केला. आठव्या दिवशी कोवळ्या तांबड्या पेशींची संख्या वाढलेली दिसली, म्हणजे निदान बरोबर. महिन्यानं हिमोग्लोबिन ११.९, तीन महिन्यांनी फेरिटिन ४६, आणि या वेळी सीआरपी २. बोटांच्या मुंग्या गेल्या. पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क अजून क्षीण जाणवतो. मज्जातंतूंना वर्ष लागतं, आणि उशीर झाला असेल तर सगळं परत येत नाही.

म्हणून एवढंच मागते. ज्यांना थकवा आहे, ज्यांचं जेवण शाकाहारी आहे, ज्यांची पाळी जास्त जाते, जे मेटफॉर्मिन घेतात, त्यांनी गोळी उघडण्याआधी सीबीसी, फेरिटिनसोबत सीआरपी, आणि बी-१२ करून घ्यावं, आणि कागद घेऊन डॉक्टरांकडे जावं. रक्त द्यायला याल तेव्हा घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची, पावडरींची, टॉनिकची पाकिटं एका पिशवीत घालून सोबत आणा. शेवटची मात्रा कधी घेतली ती तारीख त्यावर लिहा. पेन्सिलीनं लिहिली तरी चालेल.